परदेशी साइटवरून वस्तू मागवताना: आधी व्होल्टेज, मग प्लग, आणि वॉरंटी कुठली ते

अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या एखाद्या दुकानाच्या साइटवर इथे न मिळणारी वस्तू दिसते, किंमतही बरी वाटते आणि दुकान भारतात पाठवायला तयार असतं. अशा वेळी बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो प्लगचा: "आपल्या सॉकेटमध्ये बसेल का?" खरं तर तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारा प्रश्न आहे. वस्तू जाळतं ते व्होल्टेज, आणि पैसे अडकतात ते वॉरंटीत. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. पहिल्यांदाच बाहेरून काही मागवणार असाल तर पैसे भरायच्या आधी याच क्रमाने जा.

उदाहरणाला एकच वस्तू धरू: अमेरिकी साइटवरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर, १००० वॅटचा, पुढे बटणं आणि छोटा डिस्प्ले असलेला. तिकडच्या मराठी घरांत वरण-भातापासून उसळीपर्यंत सगळं त्यात होतं, म्हणून इकडचे नातेवाईकही तोच मागवायचा विचार करतात. समजा ठाण्यातल्या एका घराने तो कार्टमध्ये टाकला आहे. अजून पैसे भरलेले नाहीत.

पहिली पायरी: रेटिंगची ओळ शोधा

भारतात घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. अमेरिकेत आणि कॅनडात ती १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आहे. जपानमध्ये १०० व्होल्ट. तिथे टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ आणि ओसाकाच्या बाजूला ६० हर्ट्झ असा एकाच देशात दुहेरी कारभार आहे. ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलिया आपल्यासारखेच: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. चीन २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्या दृष्टीने जवळपास तेच. त्यामुळे व्होल्टेजची खरी भीती अमेरिका, कॅनडा, जपान आणि तैवानसारख्या मोजक्या बाजारांतून येणाऱ्या वस्तूंची.

प्रत्येक वस्तूच्या पाठीवर, बुडाशी किंवा तिच्या चार्जरवर एक ओळ छापलेली असते. तिचे दोन नमुने असे:

```
INPUT: 100-240V~ 50/60Hz 1.5A
120V~ 60Hz 1000W
```

पहिली ओळ दिसली की व्होल्टेजची काळजी मिटली. ती वस्तू १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालते, ५० असो की ६० हर्ट्झ. लॅपटॉप, फोन आणि कॅमेऱ्याचे चार्जर, बहुतेक मॉनिटर याच जातीचे. दुसरी ओळ मात्र स्पष्ट सांगते, मला १२० व्होल्टच द्या. आपला कुकर या दुसऱ्या जातीचा आहे.

आकड्यांच्या मधली खूण नीट बघा. 100-240V मधली आडवी रेघ म्हणजे "इथपासून तिथपर्यंत". 115/230V अशी तिरकी रेघ असेल तर बऱ्याचदा मागे एक छोटा सरकता स्विच असतो आणि तो कारखान्यातून ११५ वर ठेवून आलेला असतो. प्लग लावायच्या आधी तो हाताने २३० वर न्यावा लागतो. जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर हा लाल स्विच अनेकांनी पाहिला असेल. आणि साइटवरच्या वर्णनात नुसतं 110V/220V लिहिलेलं असेल तर त्याचा तिसराच अर्थ निघू शकतो: दोन वेगळी मॉडेलं आहेत, त्यातलं कोणतं येईल ते तुम्ही काय निवडता त्यावर.

ही ओळ विकत घ्यायच्या आधी कुठे मिळेल? वर्णनाचा मजकूर विक्रेत्याने टाइप केलेला असतो, त्यात चुका असतात. त्यापेक्षा उत्पादक कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं मॅन्युअल उतरवून घ्या. शेवटच्या पानांत तांत्रिक माहितीचा तक्ता असतो. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, कारण अमेरिकेचं आणि युरोपचं मॉडेल पुष्कळदा एकाच नावाचं असतं आणि फरक फक्त शेपटीतल्या एक-दोन अक्षरांत असतो. मॅन्युअल सापडलं नाही तर विक्रेत्याला सरळ लिहा: वस्तूच्या मागच्या लेबलचा फोटो पाठवा. "येस सर, वर्क्स इन इंडिया" हे उत्तर फोटोच्या जागी चालवून घेऊ नका.

दुसरी पायरी: १२० ची वस्तू २३० वर लावली तर काय होतं ते समजून घ्या

नवशिक्यांचा अंदाज असा असतो की व्होल्टेज दुप्पट, म्हणजे उष्णता दुप्पट. तसं नाही. कॉइल तीच राहते आणि व्होल्टेज वाढतं तेव्हा तिच्यातून जाणारा प्रवाहही त्याच पटीत वाढतो, म्हणून ताकद वर्गाच्या पटीत वाढते. २३० भागिले १२० म्हणजे साधारण १.९२. त्याचा वर्ग ३.६७. आपला १००० वॅटचा कुकर २३० व्होल्टवर लावला तर त्याची कॉइल सुमारे ३६७० वॅट ओढू पाहील. जपानचा १०० व्होल्टचा राइस कुकर असेल तर ही पट ५.२९ होते.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ३६७० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १६ ॲम्पिअर. किचनच्या पॉवर पॉइंटला १६ ॲम्पिअरचा एमसीबी असेल तर तो यावर लगेच पडणार नाही. त्याचं काम भिंतीतल्या वायरी वाचवणं, तुमचा कुकर वाचवणं नव्हे. प्रत्यक्षात कॉइलला तेवढा वेळ मिळेलच असं नाही, कारण डिस्प्ले आणि बटणांच्या सर्किटला वीज देणारा भाग त्याआधीच, चालू करताच, जाऊ शकतो. बारीक "टक्" असा आवाज, जळका वास, आणि कुकर मेला. सुदैवाने आतला फ्यूजच उडाला असेल तर दुरुस्ती होते. बोर्ड जळला असेल तर तो बोर्ड इथे मिळत नाही, कारण ते मॉडेलच इथे विकलं जात नाही.

तिसरी पायरी: ट्रान्सफॉर्मर लावून चालेल का, ते वस्तूच्या पोटात काय आहे त्यावर ठरवा

"स्टेप-डाऊन लावू की" हे उत्तर अनेकांच्या ओठांवर असतं. काही वस्तूंसाठी ते बरोबर आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत २३० चे ११० करणारे ट्रान्सफॉर्मर मिळतात, काही जण मागणीप्रमाणे बांधूनही देतात. पण घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासायच्या: त्याची क्षमता, आणि वस्तूला ५० हर्ट्झ चालतं का.

क्षमता व्हीएमध्ये लिहिलेली असते. सोपा नियम असा की वस्तूच्या वॅटच्या किमान दीडपट घ्या, मोटर असेल तर दुप्पट किंवा अधिक, कारण मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढते. आपल्या १००० वॅटच्या कुकरला १५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागेल. तो लोखंडाचा आणि तांब्याचा जड ठोकळा असतो. ओट्यावर त्याला जागा लागते, तो गुणगुणतो, चालताना गरम होतो, आणि कुकर बंद असला तरी सॉकेट चालू राहिलं तर थोडी वीज खातच राहतो. ओट्यावर पाणी सांडतं हेही ध्यानात धरा. कुकरसाठी हा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. वर्षातून दोनदा बाहेर काढायच्या शिलाई मशीनसाठी कदाचित करीन.

इथे एका फसव्या वस्तूपासून सावध राहा. मूठभर आकाराचा, हलका, आणि वर २००० वॅट असं छापलेला "ट्रॅव्हल कन्व्हर्टर" ऑनलाइन मिळतो. तो ट्रान्सफॉर्मर नसतो. आतलं सर्किट विजेच्या लाटेचा काही भाग कापून टाकतं, म्हणजे सरासरी कमी होते, पण उरलेल्या लाटेची टोकं उंचच राहतात. नुसती कॉइल असलेली साधी इस्त्री त्यावर थोडा वेळ चालते. डिस्प्ले, टायमर किंवा कुठलंही इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली वस्तू त्यावर लावायची नाही. ओळख सोपी आहे: वॅट मोठे आणि वजन किरकोळ.

आता हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अमेरिकेची वस्तू ६० ची, आपली वीज ५० ची, आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर ठेवला तरी पलीकडे ५० च जातात. नुसत्या कॉइलला याने काही फरक पडत नाही. मिक्सर किंवा ड्रिलमध्ये कार्बन ब्रश असलेली मोटर असते, तिलाही हर्ट्झचं फारसं सोयरसुतक नाही. पण काही मोटरींचा वेग थेट हर्ट्झवर बांधलेला असतो. जुन्या धाटणीचा बेल्टवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर घ्या. त्याची मोटर ६० ऐवजी ५० वर चालली की तबकडी ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे घेते. काळी एकमध्ये गायलेली चीज मग जवळजवळ काळी पाचमध्ये, खालच्या अंगाने, सुस्तावून ऐकू येते. व्होल्टेज अगदी बरोबर असूनही. विजेच्या ठोक्यावर चालणारं टेबल घड्याळ असेल तर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. आणि मायक्रोवेव्हसारख्या वस्तूच्या आतच ६० हर्ट्झसाठी बांधलेला जड ट्रान्सफॉर्मर असला तर तो ५० वर जास्त तापतो. तेव्हा अमेरिकी मायक्रोवेव्ह नकोच, ट्रान्सफॉर्मरसकट सुद्धा नको.

जपानी वस्तूंबाबत एक जादा सूचना. आपल्या बाजारातले तयार ट्रान्सफॉर्मर बहुधा ११० व्होल्टचे असतात. १०० व्होल्टच्या कॉइलला ११० दिले तर ती २१ टक्के जास्त तापते. जपानी वस्तूला १०० चाच ट्रान्सफॉर्मर सांगून बांधून घ्या.

ॲडॅप्टरवर चालणारी वस्तू असेल तर सुटका स्वस्तात होते

गिटारचे पेडल, छोटे कीबोर्ड, राउटर, नव्या पद्धतीचे बरेच रेकॉर्ड प्लेअर यांना भिंतीत खुपसायचा वेगळा ॲडॅप्टर येतो आणि वस्तूत जाते ती कमी व्होल्टची वीज. अशा वेळी अमेरिकी ॲडॅप्टर फक्त १२० चा असला तरी वस्तू टाकाऊ ठरत नाही. तो बाजूला ठेवा आणि इथे २३० वर चालणारा नवा घ्या.

नवा घेताना जुन्याच्या OUTPUT ओळीवरून जुळवायचं. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनची आतली बाजू प्लस की मायनस, हे दाखवणारं गोलाचं छोटं चित्र दोन्हीकडे सारखं हवं. गिटारच्या पेडलमध्ये मायनस आत असतो आणि इतर बऱ्याच वस्तूंत प्लस आत, त्यामुळे घरातला कुठलातरी "९ व्होल्टचा" उचलून लावला की पेडल जाऊ शकतं. पिनची जाडीही बघा: ५.५ मिलिमीटर बाहेरचा व्यास सारखाच, पण आतलं भोक कधी २.१ तर कधी २.५ असतं, आणि चुकीची पिन सैल बसून मधूनमधून वीज तोडते. शेवटचं म्हणजे, OUTPUT मध्ये आकड्यापुढे ~ ही खूण असेल तर त्या वस्तूला एसीच लागते. संगीताच्या काही उपकरणांत असं असतं. तिथे नेहमीचा डीसी ॲडॅप्टर चालणार नाही. दुकानात जुना ॲडॅप्टर बरोबर घेऊन जा, दुकानदार पाच मिनिटांत जुळवून देतो.

यूएसबी केबलवर चार्ज होणाऱ्या वस्तूंना यातलं काहीच लागू नाही.

चौथी पायरी: आता प्लग

आपल्याकडे तीन गोल पिनांचे दोन आकार आहेत: छोटा ६ ॲम्पिअरचा आणि मोठा १६ ॲम्पिअरचा. अमेरिकी प्लगच्या पिना चपट्या असतात, दोन किंवा दोन अधिक एक गोल अर्थची. जपानमध्येही चपट्या दोन. ब्रिटनचा प्लग चौकोनी तीन पिनांचा, आत फ्यूज असलेला. युरोपचा दोन गोल पिनांचा, आणि तिथेच गडबड होते.

युरोपचे दोन प्लग आहेत. एक चपटा, बारीक, ४ मिलिमीटरच्या पिनांचा. तो फोन चार्जरसारख्या हलक्या वस्तूंना असतो आणि आपल्या सॉकेटमध्ये बऱ्यापैकी चालतो. दुसरा जाड, गोल तोंडाचा, ४.८ मिलिमीटरच्या पिनांचा. त्याची अर्थ कडेच्या पितळी पट्ट्यांतून जोडली जाते. हा जाड प्लगही आपल्या सॉकेटमध्ये ढकलला तर जातो, वस्तू चालूही होते, पण कडेच्या पट्ट्यांना काहीच लागत नाही. म्हणजे अर्थिंग नाही. धातूचं अंग असलेली कॉफी मशीन अशी लावणं म्हणजे आत एखादी वायर सुटली की अंगालाच करंट येण्याची सोय. पकड सैल असल्याने प्लगही तापतो.

वस्तूला अर्थ लागते की नाही हे त्याच लेबलवर कळतं. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे, दोन पिना पुरतात. ती खूण नसेल आणि मूळ प्लग तीन वाटांचा असेल तर अर्थ जोडलीच पाहिजे. मग पर्याय असे.

वायर वस्तूपासून सुटी होत असेल तर सगळ्यात उत्तम. मॉनिटर, ॲम्प्लिफायर, कॉम्प्युटर यांच्या मागे जो तीन पिनांचा खाचा असतो त्यात आपल्याकडची, आयएसआय मार्कची, थ्री-पिन टॉप असलेली पॉवर कॉर्ड लावायची. आठच्या आकड्यासारख्या खाच्याची आणि लॅपटॉप चार्जरच्या तीन पाकळ्यांच्या खाच्याची कॉर्डही इथे सहज मिळते. ॲडॅप्टरपेक्षा हे स्वस्त आणि पक्कं.

वायर पक्की जोडलेली असेल आणि वस्तू २३० ची असेल तर प्लग कापून आपला थ्री-पिन टॉप लावता येतो. काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि रंगांची गोष्ट त्याला आधीच सांगा. युरोप-ब्रिटनच्या वायरीत तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अमेरिकी रंगात काळी फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आणि आपल्या जुन्या रंगात लाल फेज, काळी न्यूट्रल! सवयीने काळी न्यूट्रलला गेली की फेज-न्यूट्रल उलटे होतात. वस्तू तरीही चालते, म्हणून कळत नाही. पण तिचा स्विच बंद असतानाही आत वीज खेळत राहते. कापण्याआधी वॉरंटीचा कागद वाचा, कारण मूळ प्लग कापला की काही कंपन्या हात वर करतात. तसं असेल तर अर्थची पिन असलेला चांगला ॲडॅप्टर घ्या. ॲडॅप्टरने फक्त आकार बदलतो, व्होल्टेजला तो हातही लावत नाही.

चिनी विक्रेत्यांच्या पानावर "यूएस प्लग, ईयू प्लग, यूके प्लग, एयू प्लग" अशी निवड दिसते. बऱ्याचदा यूएस निवडलं की ११० व्होल्टची वस्तू येते आणि बाकी तीन निवडले की २२० ची, पण पानावर तसं लिहिलेलं नसतं. कधी आतली वस्तू एकच असते आणि फक्त वायर बदलते. विचारून घ्या. दोन्ही उपलब्ध असतील तर जड किंवा गरम होणाऱ्या वस्तूला मी ईयूपेक्षा यूके निवडतो, कारण तिथे अर्थ पिनेतूनच येते आणि ती ॲडॅप्टरमधून किंवा नव्या टॉपमध्ये नीट जोडता येते.

पाचवी पायरी: वॉरंटी कोणाची आणि कुठली

पानावर मोठ्या अक्षरांत "एक वर्ष वॉरंटी" असतं. त्यावर तीन प्रश्न विचारायचे: देणार कोण, कुठल्या देशात, आणि वस्तूची ने-आण कोणाच्या खर्चाने.

देणारी कंपनी असेल तर तिचा वॉरंटीचा मजकूर तिच्याच साइटवर शोधा. कुठल्या देशात खरेदी केलेल्या वस्तूवर ती लागू आहे हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. घरगुती उपकरणांची वॉरंटी बहुधा ज्या देशात विकली त्याच देशापुरती असते. लॅपटॉपमध्ये काही मालिकांना आंतरराष्ट्रीय वॉरंटी मिळते, पण तिथेही अट असू शकते की तेच मॉडेल या देशात विकलं जात असलं पाहिजे. ॲपल आपल्या अटींत आयफोन आणि आयपॅडची वॉरंटी सेवा मूळ विक्रीच्या देशापुरती मर्यादित ठेवण्याचा हक्क राखून ठेवतं. तेव्हा "अमुक ब्रँडचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे" यावर विसंबू नका. त्या सर्व्हिस सेंटरला किंवा कंपनीच्या भारतातल्या ग्राहक सेवेला पूर्ण मॉडेल नंबरसह ईमेल करा आणि विचारा: हे अमेरिकेत घेतलं तर इथे वॉरंटीत दुरुस्त कराल का? फोनवरचं "हो" कामाला येत नाही, ईमेलचं उत्तर येतं.

देणारा विक्रेता असेल तर वॉरंटी म्हणजे त्याचा शब्द आणि त्याचा पत्ता. शिवाय तो कंपनीचा अधिकृत विक्रेता नसेल तर कंपनी त्याच्या देशातही वॉरंटी नाकारू शकते. अमेरिकेतला पत्ता वापरून वस्तू तिथे घ्यायची आणि पार्सल पुढे पाठवणाऱ्या सेवेमार्फत इथे आणायची, हा मार्ग घेणाऱ्यांच्या बाबतीत विक्रेत्याची जबाबदारी त्या गोदामाच्या दारात संपते. वाटेत फुटलं तर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

ने-आणीचा खर्च हा वॉरंटीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपला कुकर पाच-सहा किलोचा. तो परत अमेरिकेला पाठवायचं कुरिअर बहुधा तुमच्याच खिशातून, आणि दुरुस्त होऊन परत येताना कस्टममध्ये त्याला नवी आयात समजलं जाण्याचा धोका. ते टाळायचं तर पाठवतानाच "दुरुस्तीसाठी बाहेर जात आहे" अशी कागदपत्रं करावी लागतात आणि मूळ बिल, ड्युटी भरल्याची पावती, सिरियल नंबर सगळं जुळावं लागतं. कंपनीच्या मालाला हे जमतं. एका कुकरसाठी कोणी करत नाही. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तूंची आणखी वेगळी अडचण: फुगलेली किंवा खराब झालेली बॅटरी विमानाने पाठवायला मनाई आहे. म्हणजे नेमकी बॅटरी बिघडली तर वस्तू परत करायला वाटच नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, जवळजवळ प्रत्येक वॉरंटीत चुकीच्या व्होल्टेजने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. काही कंपन्या तर ट्रान्सफॉर्मर लावून वापर केला तरी वॉरंटी रद्द समजतात.

ठाण्याच्या कार्टचा हिशेब

आता कुकरकडे परत. व्होल्टेज १२०, तेव्हा थेट लावता येत नाही. आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे, तेव्हा स्वस्त कन्व्हर्टर बाद. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर १५०० व्हीएचा. प्लग चपटा तीन पिनांचा, तो ट्रान्सफॉर्मरच्या अमेरिकी सॉकेटमध्ये बसेल. वॉरंटी अमेरिकेपुरती, आणि तीही ट्रान्सफॉर्मरने धोक्यात. झाकणाची रबरी रिंग आणि आतलं भांडंही तिकडूनच मागवावं लागणार. किमतीत वाहतूक, कस्टम ड्युटी आणि ट्रान्सफॉर्मर मिळवले की "स्वस्त" उरत नाही. या घराने हा कुकर घेऊ नये. त्याच कंपनीचं २२०-२४० व्होल्टचं मॉडेल इथे मिळतं का ते आधी पाहावं. नसेल तर ब्रिटनच्या साइटवर बघावं, कारण तिथलं मॉडेल २३० व्होल्ट ५० हर्ट्झचं असेल आणि फक्त प्लग बदलावा लागेल. वॉरंटी तिथलीही इथे मिळणार नाही, हे धरूनच किंमत तोलावी.

याउलट त्याच अमेरिकी साइटवरून ई-बुक रीडर किंवा 100-240V असं लिहिलेला कॅमेऱ्याचा चार्जर घेतला असता तर व्होल्टेजचा प्रश्नच आला नसता आणि चर्चा फक्त वॉरंटीपुरती राहिली असती.

पैसे भरताना आणि पार्सल आल्यावर

मागवायचं ठरलंच तर उत्पादनाच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा: व्होल्टेजचा मजकूर, निवडलेला प्लग, वॉरंटी, परत घेण्याची मुदत. विक्रेते पानं बदलतात. पैसे क्रेडिट कार्डाने भरा, थेट बँक ट्रान्सफरने नको. चुकीची वस्तू आली आणि विक्रेता दाद देत नसेल तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवता येते. तिची मुदत मर्यादित असते, म्हणून ईमेलांची देवाणघेवाण महिनोन्‌महिने लांबू देऊ नका. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी साइटनाही २०२० चे ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम लागू आहेत, पण इथे कार्यालय नसलेल्या विक्रेत्याकडून वसुली करणं ही वेगळीच लढाई. बँकेचा मार्ग जवळचा.

परत करण्याची मुदत कुठल्या तारखेपासून मोजली जाते ते विचारा. माल निघाल्याच्या तारखेपासून असेल तर पार्सल कस्टममध्ये अडकलं असतानाच ती संपू शकते.

पार्सल आलं की खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि त्यात वस्तूच्या मागचं लेबल स्पष्ट दिसेल असं दाखवा. मग प्लग लावायच्या आधी ते लेबल स्वतः वाचा, पानावर काहीही लिहिलेलं असो. २३० ची मागवली आणि 120V~ 60Hz छापलेली आली तर ती चालते का हे "बघायला" लावू नका. एकदा लावून जळली की विक्रेता म्हणणार, तुम्ही जाळली. न लावलेली, लेबलचा फोटो आणि ऑर्डरचा स्क्रीनशॉट एवढं असेल तर चुकीचा माल पाठवला हे तुम्हाला त्याच दिवशी लेखी कळवता येतं.

लेबल बरोबर असेल तर पहिल्यांदा लावून अर्धा तास समोर बसा. पाच मिनिटांनी सॉकेट बंद करून प्लगला हात लावून बघा. नुसता कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पकड सैल आहे, ॲडॅप्टर बदला. धातूच्या अंगाच्या वस्तूला टेस्टर लावून बघा. दिवा पेटला तर अर्थ जोडलेली नाही किंवा आत गळती आहे, आणि मग वस्तू वापरायची नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. सगळे फंक्शन परत करण्याच्या मुदतीतच चालवून पाहा. दिवाळीला वापरायचं म्हणून खोका माळ्यावर टाकू नका.